झाडीपट्टीला जिल्ह्यांची चौकट नको

झाडीपट्टी म्हणजे कोणता भाग, असं नागपुरात कोणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. चार जिल्हे. वर्तमानपत्रांत असंच छापून येतं, भाषणांत असंच सांगतात, विद्यार्थीही प्रकल्पाच्या वहीत हेच लिहितात. नकाशा काढायची वेळ आली की या चार जिल्ह्यांवर एक रंग फासला जातो आणि काम संपतं. मला हे उत्तर चुकीचं वाटतं, आणि ही चूक निरुपद्रवी आहे असंही वाटत नाही. जी गावं झाडीपट्टीत नाहीत ती या उत्तरामुळे तिच्यात ढकलली जातात, जी आहेत ती बाहेर राहतात, आणि हा प्रदेश नेमका कशामुळे वेगळा आहे हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

जिल्ह्यांची यादी देऊन प्रदेश सांगायची सवय आपल्याला कुठून लागली, ते आधी बघू. विदर्भाची ओळखच यादीने झाली आहे. फाजल अली आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली तेव्हा तिच्यात जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले आठ मराठी जिल्हे होते: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. पुढे १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली निघाला, १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया. आठाचे अकरा झाले, पण बाहेरची रेघ तीच राहिली. १९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमाखाली विकास मंडळं आली तेव्हा विदर्भाला कायद्याच्या कागदावरही जागा मिळाली. नागपूर आणि अमरावती हे दोन महसूल विभाग जोडले की विदर्भ होतो, यात आज कुणाला शंका नाही. वऱ्हाडाचंही तसंच. आईन-ए-अकबरीतल्या वऱ्हाड सुभ्यात पाथरी, माहूर आणि पवनारही होते, तर इंग्रजांच्या काळातला वऱ्हाड चार जिल्ह्यांत मावला. हद्द बदलली, पण दोन्ही वेळी ती सरकारदरबारी नोंदलेली होती. खानदेश तर १९०६ पर्यंत एक अखंड जिल्हाच होता.

झाडीपट्टीचं तसं नाही. या नावाचा जिल्हा, विभाग किंवा तहसील इंग्रजी राज्यात नव्हती आणि आजही नाही. म्हणजे तिची कुठली जुनी रेघ हरवली आहे आणि ती शोधून काढायची आहे, असा हा मामला नाही. रेघ कधी नव्हतीच. म्हणून विदर्भ ज्या पद्धतीने सांगतो त्याच पद्धतीने झाडीपट्टी सांगायला गेलो की हातात भलतंच काही येतं.

किती भलतं, ते एकट्या चंद्रपूर जिल्ह्यावरून कळतं. जिल्ह्यात पंधरा तालुके. पूर्वेकडचे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि सावली हे पाच झाडीपट्टीतच येतात. पश्चिम आणि दक्षिणेकडचे वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना आणि जिवती हे पाच मात्र वेगळ्याच मुलखातले. वरोरा-भद्रावतीचा पट्टा वर्धा नदीच्या काठचा, काळ्या जमिनीचा, कापूस-सोयाबीनचा. राजुऱ्याकडचा भाग निजामाच्या राज्यात होता. १९५६ नंतर काही काळ नांदेडमध्ये राहून तो १९५९ मध्ये चांद्यात आला. तिथे तेलुगूचा आणि गोंडी-कोलामीचा वावर आहे. उरलेले पाच, म्हणजे चंद्रपूर, बल्लारपूर, चिमूर, गोंडपिपरी आणि पोंभुर्णा, यांच्याबद्दल सरळ हो किंवा नाही सांगता येत नाही. तिथे गावागणिक उत्तर बदलतं. एक तृतीयांश आत, एक तृतीयांश बाहेर, आणि एक तृतीयांशाबद्दल वाद. अशा जिल्ह्याला सबंध रंग फासणं म्हणजे तीनांपैकी दोन वेळा चुकण्याची तयारी ठेवणं.

गडचिरोलीत ही चूक जास्त गंभीर आहे. देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली, चामोर्शी हा उत्तरेचा आणि वैनगंगेकाठचा भाग झाडीपट्टीचा आहे. धानोरा-कोरचीकडे जाताना गोंडी आणि छत्तीसगढी वाढत जाते. पण दक्षिणेला एटापल्ली, भामरागड हा माडिया लोकांचा मुलूख. सिरोंचा तर गोदावरीकाठचा, बाजारात तेलुगू चालणारा. मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. या सगळ्यांना एका झटक्यात ‘झाडीपट्टीतले’ म्हटलं की झाडीपट्टी मोठी झाल्याचं समाधान मिळतं खरं, पण माडिया गावाची स्वतःची ओळख त्या रंगाखाली दडपली जाते. भामरागडचा माणूस स्वतःचा प्रदेश काय सांगतो हे त्याला न विचारता आपण नागपुरात बसून ठरवतो, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

आणि बाहेर कोण राहतं? नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग. भिवापूर, कुही, मौदा, रामटेक या तालुक्यांतली पूर्वेच्या अंगाची गावं पवनी-भंडाऱ्याच्या गावांशी शेतीने, सोयरिकीने, बोलण्याने जोडलेली आहेत. मधल्या जिल्हा-सीमेचा त्यांच्या जगण्याशी संबंध तहसील कचेरीपुरता. बालाघाटचं तर कुणी नावच घेत नाही. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये तयार झाला तो भंडारा, शिवनी आणि मंडल्याचे तुकडे जोडून. लांजी, वारासिवनी, कटंगी या भागात तीच वैनगंगा, तोच धान, तीच पोवार वस्ती. १९५६ मध्ये राज्यं पुन्हा आखली गेली, तो मध्य प्रदेशात राहिला आणि आपल्या नजरेतून गेला.

मग झाडीपट्टी सांगायची कशी? माझं म्हणणं असं की खुणा निवडाव्यात, प्रत्येक खुणेची कड वेगवेगळी शोधावी, ती कोणत्या काळातली हे लिहावं, आणि या कडा एकमेकींवर पडत नाहीत हे लपवू नये. ऐकायला हे किचकट वाटतं. प्रत्यक्षात एका रस्त्याने निघालं की सगळं डोळ्यांपुढे येतं.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला जाणारा रस्ता घेऊ. (देसाईगंज हे कागदावरचं नाव, लोकांच्या तोंडी वडसाच.) पहिली खूण जमिनीची. नागपूर शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या अगदी पूर्व टोकाला वसलं आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच बेसाल्टची. पश्चिमेला काटोल-नरखेडकडे जाल तर काळी जमीन आणि संत्र्याच्या बागा. पूर्वेला हा थर विरळ होत संपतो आणि खालचा जुना स्फटिकमय खडक वर येतो. त्यावरची माती पिवळसर, हलकी. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत जमिनीचे प्रकार कन्हार, मोरांड, सिहार, बरडी असे नोंदलेले आहेत. कन्हार म्हणजे खोल काळी, सिहार म्हणजे पिवळसर, धानाची. उमरेडच्या आसपास अजून कन्हार-मोरांड भेटते. भिवापूरकडे मिरची दिसते. ती नावाजलेली मिरची आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्यापुढे जंगलाचा पट्टा, आणि नागभीडला उतरलो की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. जमिनीची कड अशी तीस-चाळीस किलोमीटरभर पसरलेली आहे. तिच्यावर बोट ठेवायला जागा नाही.

पाऊसही याच दिशेने वाढत जातो. अकोल्याला वर्षाला साधारण ८०० मिलीमीटर पडतो, नागपूरला ११०० च्या आसपास, वैनगंगेच्या खोऱ्यात १३०० च्या घरात आणि पुढे गडचिरोलीकडे त्याहून जास्त. हलकी जमीन, भरपूर पण चार महिन्यांतच पडून जाणारा पाऊस, आणि धानासारखं पाण्यात उभं राहणारं पीक. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रोवणीनंतर पावसाने पंधरा दिवस दडी मारल्यावर पीक वाचवायची सोय करावीच लागते. ती सोय म्हणजे तलाव.

झाडीपट्टीची सगळ्यात भरवशाची खूण कोणती असं मला विचाराल तर मी तलावाचं नाव घेईन. पूर्व विदर्भात असे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, हजारोंनी आहेत. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, वरच्या जंगलातलं पाणी अडवायचं आणि पाटाने खालच्या बांध्यांना द्यायचं, अशी त्यांची रचना. बरेच तलाव कोहळी आणि पोवार कुटुंबांनी गोंड राजे आणि भोसल्यांच्या काळात बांधले. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळीच्या नावाने सांगितला जातो. इंग्रजांच्या बंदोबस्तात गावं मालगुजारांच्या मालकीची झाली, तलावही त्यांचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने कागदांवर आले. आज सरकारी भाषेतसुद्धा त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात.

ही खूण भरवशाची का? एक तर तलाव पेरणीसारखा दरवर्षी बदलत नाही. दुसरं, त्याचा कागद आहे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या नोंदींत पाण्यावर कोणाचा काय हक्क, पाण्याची वाटणी कशी, हे लिहिलेलं सापडतं. म्हणजे एखाद्या गावाला ही व्यवस्था होती का, हे अंदाजाने सांगावं लागत नाही. तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मालगुजारी वर्धा जिल्ह्यातही होती, पण तिथे तलावांचं असं जाळं नाही, कारण काळी जमीन स्वतःच ओल धरून ठेवते आणि रब्बी त्या ओलीवर निघते. वऱ्हाडात रयतवारी होती. तिथे मालगुजारही नव्हता आणि धानही नव्हता. तलाव उभा राहायला जमीन, पाऊस, पीक आणि गावाची मालकीव्यवस्था हे सगळं जुळून यावं लागतं. जिथे ते जुळलं तिथेच त्यांची दाटी झाली. म्हणून नकाशावर प्रत्येक माजी मालगुजारी तलावाचा एक ठिपका टाकला तर चार जिल्ह्यांचा चौकोन उमटणार नाही. साकोली, लाखांदूर, अर्जुनी-मोरगाव, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या भागात ठिपक्यांची गर्दी दिसेल, नागपूरच्या पूर्व तालुक्यांत ते विरळ होत जातील, आणि भामरागड-एटापल्लीकडे जवळपास मोकळी जागा राहील.

हीच कसोटी पिकाला लावली तर फसगत होते. धान जिथे तिथे झाडीपट्टी, असं सरसकट म्हणता येत नाही, कारण धानाची कड हलली आहे. पेंचचे कालवे आले तसा पारशिवनी, रामटेक, मौदा भागात धान वाढला. पवनीजवळच्या गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली; त्याचं पाणी जिथे जिथे पोचतं तिथलंही पीक बदलत जातं. कालव्याच्या पाण्यावर धान लावणारं गाव त्यामुळे झाडीपट्टीतलं होत नाही. आजचा पीकपेरा पाहून हद्द काढणाऱ्याला पन्नास वर्षांपूर्वीची वेगळी हद्द दिसली असती, आणि म्हणूनच प्रत्येक खुणेशेजारी साल लिहिलं पाहिजे. जंगलाचंही असंच. नावात झाडी आहे म्हणून जंगलाचा आजचा नकाशा घ्यावा तर भंडाऱ्याच्या बऱ्याचशा सपाट भागात जंगल उरलेलं नाही, आणि सगळ्यात दाट जंगल नेमकं त्या दक्षिण गडचिरोलीत आहे जिला मी झाडीपट्टीबाहेर ठेवतो.

आता बोली. झाडीबोलीचे अभ्यासक, साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीसाठी जे काम केलं त्यामुळे आज या प्रदेशाला निदान एक भाषिक ओळख आहे. या बोलीत ळ आणि ण उच्चारले जात नाहीत. ळच्या जागी र, णच्या जागी न. पश्चिमेला वऱ्हाडात ज्याला ‘डोया’ म्हणतील त्याला इथे ‘डोरा’ म्हणतात. ही खूण कानाला लगेच कळते, गावोगाव तपासता येते, आणि तपासायला मोठा खर्च नाही. पण तिला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे शाळा. शिकलेला तरुण तालुक्याच्या ठिकाणी ळ नीट उच्चारतो आणि घरी आजीशी बोलताना तोच र म्हणतो. मग तपासणाऱ्याने कोणाशी, कुठे बोललं यावर उत्तर बदलतं. ज्येष्ठ मंडळींशी, घरात, शेतीच्या कामाबद्दल बोलणं झालं तरच नोंद खरी धरावी. दुसरी अडचण गोंदिया-तिरोडा-तुमसरकडची. तिथे घराघरांत पोवारी आहे, आणि जनगणनेत पोवारी हिंदीखाली मोजली जाते. त्या घराला बोलीच्या कसोटीवर झाडीपट्टीबाहेर काढायचं का? त्याच पोवारांनी बांधलेले तलाव मात्र आत धरायचे? मला हे पटत नाही. प्रदेशात एकाहून जास्त बोली असू शकतात, हे मान्य केलं की ही अडचण राहत नाही. पण मग बोलीची कड म्हणजेच प्रदेशाची कड, हा आग्रहही सोडावा लागतो.

नाटकाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण बाहेरच्या माणसाला झाडीपट्टी ठाऊक होते ती तिच्या रंगभूमीमुळे. दिवाळीनंतर धान निघतो, हातात थोडा पैसा येतो, शेतावर काम उरत नाही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि रात्रभर नाटक. वडसा हे या मंडळ्यांचं ठाणं. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट रेल्वेवरचं गाव असल्याने तिथून चारही दिशांना जाणं सोपं होतं. २०२३ मध्ये नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीनेही या रंगभूमीची दखल घेतली. या नाटकांचा हंगाम आणि धानाचं वेळापत्रक यांचा संबंध मला योगायोग वाटत नाही. कापसाच्या मुलखात नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेचणी चालू असते. तिथे माणसं मोकळी नसतात. धानाचा माणूस नेमका त्याच महिन्यांत मोकळा असतो. नाटकाचा हंगाम धानाने घडवला आहे.

पण हद्द काढायला ही खूण जपून वापरावी लागते. नाटक चालतं, फिरतं. मंडळी वडशातून निघून जिथून बोलावणं येईल तिथे जाते. एखाद्या गावात प्रयोग झाला म्हणून ते गाव झाडीपट्टीतलं होत नाही. मंडळ्यांचं ठाणं कुठे आहे, वर्षानुवर्षं स्वतः नाटक ठेवणारी गावं कोणती, आणि अधूनमधून प्रयोग मागवणारी गावं कोणती, या तीन वेगळ्या नोंदी आहेत. त्यांतली मधली आपल्या कामाची. शंकरपटाचा अनुभवही लक्षात ठेवावा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना परवानगी मिळाली. मधल्या सात वर्षांत कुणी शंकरपटावरून झाडीपट्टी शोधायला निघाला असता तर त्याला झाडीपट्टी सापडलीच नसती. सांस्कृतिक खूण एका निकालाने बंद पडू शकते. तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही.

शेवटची कसोटी माणसाच्या स्वतःच्या उत्तराची. ‘तुम्ही झाडीपट्टीतले का?’ आणि ‘झाडीपट्टी कुठून सुरू होते?’ हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत, कारण दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत. झाडी हे नाव आधी बाहेरच्यांनी वापरलं. शहरातला माणूस ‘झाडीकडचा’ म्हणायचा तेव्हा त्यात जंगली, मागासलेला असा अर्थ असायचा, आणि ऐकणारा साहजिकच पूर्वेकडे बोट दाखवायचा: झाडी आमच्या पलीकडे. नंतर बोलीची संमेलनं झाली, नाटकाचं नाव झालं, आणि तेच नाव अभिमानाने घेतलं जाऊ लागलं. आता कडेची गावंही स्वतःला आत मोजू लागली आहेत. नावाची प्रतिष्ठा वाढली की प्रदेश पसरतो, कमी झाली की आकसतो. हे खोटं नाही, हा प्रदेशाच्या जगण्याचाच भाग आहे. मात्र १९६० सालचा माणूस आणि २०२५ सालचा माणूस यांची उत्तरं एकाच नकाशावर मिसळली तर दोन्हींचा अर्थ जातो.

एवढं सगळं बघितल्यावर झाडीपट्टीचं वर्णन एका परिच्छेदात लिहायचं झालं तर मी असं लिहीन: वैनगंगेच्या मधल्या खोऱ्यातले साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, अर्जुनी-मोरगाव, सडक अर्जुनी, देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी, नागभीड आणि सिंदेवाही हे तालुके गाभ्याचे; इथे तलाव, धान, बोली आणि स्वतःचं नाटक या चारही खुणा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र सापडतात. भंडारा, मोहाडी, तुमसर, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, देवरी, मूल, सावली, गडचिरोली, चामोर्शी इथे यांतल्या दोन-तीन खुणा ठळक आहेत आणि पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी यांची सरमिसळ आहे. नागपूरचे भिवापूर, कुही, मौदा, रामटेक, चंद्रपूरचे चिमूर, पोंभुर्णा, गोंडपिपरी आणि मध्य प्रदेशातले बालाघाटचे दक्षिण तालुके ही कड. तिथे गाव पाहून सांगावं लागतं. वर्धा नदीचा काठ, राजुरा-जिवती, आणि एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हे या प्रदेशात धरू नयेत.

या वर्णनाशी कुणी भांडावं अशीच माझी इच्छा आहे. तिरोड्याच्या माणसाने म्हणावं की आम्ही गाभ्यात का नाही. त्याला आपल्या बाजूने तलाव दाखवता येतील, मंडई दाखवता येईल, आणि मला यादी बदलावी लागेल. चार जिल्ह्यांच्या उत्तराशी असं भांडताच येत नाही, कारण त्यामागे कुठलं कारणच दिलेलं नसतं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो वजनदार आहे. सरकारला पैसा वाटायचा असतो, सांस्कृतिक योजना राबवायच्या असतात, कलावंतांना मानधन द्यायचं असतं. ‘गाव पाहून सांगा’ असं म्हणून फाइल पुढे जात नाही. अधिकाऱ्याला यादी लागते. मान्य. मामा तलावांची दुरुस्तीही शेवटी कुठल्या तरी यादीनुसारच होते: शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी आहेच. पण इथे बघा, त्या यादीचा आधार तलाव आहे, प्रदेशाचं नाव नाही. तलाव दुरुस्त करायचे तर तलावांची यादी करावी. नाट्यमंडळींना मदत करायची तर नोंदलेल्या मंडळ्यांची आणि वर्षाला नाटक ठेवणाऱ्या गावांची यादी करावी. बोलीचा शब्दसंग्रह करायचा तर बोली बोलणाऱ्या गावांची. प्रत्येक कामाला वेगळी यादी, तिच्यावर तारीख, आणि पाच-दहा वर्षांनी फेरतपासणी. यांपैकी एकाही यादीला ‘झाडीपट्टीची सीमा’ असं नाव देऊ नये. एकदा ते नाव लागलं की मानधनासाठी केलेली यादी पाठ्यपुस्तकात जाते, पाठ्यपुस्तकातून नकाशात जाते, आणि कुहीच्या म्हाताऱ्या दंडारीवाल्या लोककलावंताला सांगितलं जातं की तुमचा जिल्हा यात बसत नाही.

दुसरा आक्षेप असा की रेघ नसली तर प्रदेशाला वजन येत नाही, मागणी करायला आधार उरत नाही. विदर्भाचं उदाहरण दिलं जातं. पण विदर्भाची मागणी राज्याची होती. राज्याला पोलीस, न्यायालय, महसूल लागतो, म्हणून त्याला रेघ लागते. झाडीपट्टी कुणी राज्य म्हणून मागत नाही. तिला हवं आहे ते तलावातला गाळ काढणं, नाटकाला बरा मांडव, बोलीला शाळेत मान. यातल्या एकाही गोष्टीला सलग सीमा लागत नाही. उलट सीमा आली की सीमेचंच राजकारण सुरू होतं: कोणता तालुका आत, कोणता बाहेर, आणि तलाव गाळानेच भरत राहतात.

नकाशा काढणाऱ्यांनाही एक विनंती. जुन्या नकाशांत माळवा, बुंदेलखंड अशी नावं मोठ्या अक्षरांत, अक्षरांमध्ये अंतर सोडून, त्या भागावर नुसती पसरून छापत. भोवती रेघ नसे. झाडीपट्टीसाठी तीच पद्धत आजही योग्य आहे: गाभ्यावर अक्षरं, आणि हवेच तर खाली तलावांचे आणि नाटकाच्या गावांचे ठिपके दोन रंगांत. संगणकावरच्या नकाशात बंद आकृती मागितली जाते म्हणून जिल्ह्यांच्या तयार आकृत्या उचलून जोडल्या जातात. त्याऐवजी गावांचे ठिपके द्यावेत आणि प्रत्येक ठिपक्यापाशी कोणती खूण कोणत्या साली तपासली ते लिहावं. हे काम नागपूरच्या एखाद्या भूगोल विभागाने भंडारा, ब्रह्मपुरी, वडसा इथल्या महाविद्यालयांना बरोबर घेऊन हाती घ्यायला हवं. सुरुवात भिवापूर-नागभीडच्या पट्ट्यातून करावी, कारण कड तिथेच आहे, आणि ज्येष्ठांच्या तोंडची बोली तिथे पुढच्या पिढीपर्यंत तपासायला उरणार नाही.